जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, लाईन: पर युनिटमधून शॉर्ट सर्किट करंट कसा काढायचा

गळीत हंगाम संपला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून रिले टेस्टिंगची कामं निघतात. बॉयलर थंड असतो, टर्बाइन उघडून ठेवलेलं असतं, तेव्हाच पॅनेलला निवांत हात लावायला मिळतो. उद्यमनगरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात डिप्लोमा करून नुकताच आलेला एक पोरगा असंच एक काम घेऊन बसला होता. को-जनरेशनचा एक जनरेटर, त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि तिथून सबस्टेशनपर्यंत गेलेली ३३ केव्हीची लाईन. लाईनच्या पलीकडच्या टोकाला तिन्ही फेज एकमेकांना टेकले तर जनरेटरकडून किती करंट जाईल, एवढंच काढायचं होतं. तासाभरानं तो वही घेऊन आला. उत्तर होतं ३२० अँपिअर.

"सर, पिकअप ३२८ ला लावलाय. मग रिले चालणारच नाही की!"

उत्तर चुकलं होतं. त्याची काळजी मात्र खोटी नव्हती. उत्तर चुकीचं आणि काळजी बरोबर, असं कसं, हे समजायला पूर्ण गणित एकदा नीट करावं लागतं. तेच इथे करू. आकडे हिशोबाला सोपे जावेत असे घेतलेत, पण ते अशा आकाराच्या कारखान्यात भेटतील असेच आहेत.

आधी काय काय गोळा करायचं

जनरेटर १५ एमव्हीए, ११ केव्ही. त्याचा सबट्रान्झियंट रिॲक्टन्स १५ टक्के. हा आकडा बऱ्याचदा नेमप्लेटवर नसतो, कंपनीच्या डेटाशीटमध्ये किंवा टेस्ट रिपोर्टमध्ये शोधावा लागतो. तिथे X"d, X'd आणि Xd असे सबट्रान्झियंट, ट्रान्झियंट आणि सिंक्रोनस रिॲक्टन्सचे तीन आकडे एकाखाली एक दिसतील. तिन्ही उतरवून घ्या. आत्ता पहिलाच लागणार आहे, बाकीचे शेवटी लागतील. आपल्या जनरेटरचे ते १५, २२ आणि २०० टक्के आहेत.

ट्रान्सफॉर्मर २० एमव्हीए, ११/३३ केव्ही, इम्पीडन्स १० टक्के. हा आकडा नेमप्लेटवर असतोच. त्यातला जवळजवळ सगळा भाग रिॲक्टन्सचाच असतो, म्हणून इथे १० टक्के रिॲक्टन्स धरायला हरकत नाही.

लाईन १२ किलोमीटर, डॉग कंडक्टरची. किलोमीटरला ०.४ ओहम रिॲक्टन्स धरू, म्हणजे सगळी मिळून ४.८ ओहम. रेझिस्टन्स आत्ता बाजूला ठेवू. तो सोडल्यानं किती फरक पडतो ते पुढे मोजून बघू.

इथे अडचण कुठे आहे ते लक्षात घ्या. जनरेटरचा आकडा टक्क्यात आहे, पण स्वतःच्या १५ एमव्हीएवर. ट्रान्सफॉर्मरचाही टक्क्यात आहे, पण २० एमव्हीएवर. लाईनचा तर ओहममध्ये. या तिघांची बेरीज होणार कशी?

एकरी हिशोब

आपल्याकडे उसाबद्दल बोलताना कुणी नुसतं "वीस टन निघाला" म्हटलं, तर समोरचा लगेच विचारतो, "किती गुंठ्यात?" वीस गुंठ्यात वीस टन निघाला असेल तर एकराला चाळीस टन झाला. ऊस तेवढाच, फक्त सांगायचं माप बदललं. दोन शेतकऱ्यांचा उतारा ताडून बघायचा असेल तर दोघांचाही एकरी काढल्याशिवाय बोलण्यात अर्थ नसतो.

पर युनिट म्हणजे हाच एकरी हिशोब. "१५ टक्के" ऐकल्यावर पहिला प्रश्न यायला हवा, किती एमव्हीएवर? रिॲक्टन्सचे १५ टक्के म्हणजे जनरेटरमधून त्याचा पूर्ण १५ एमव्हीएचा करंट वाहताना त्या रिॲक्टन्सवर रेटेड व्होल्टेजच्या १५ टक्के इतका ड्रॉप येतो. हे वाक्य पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेलं बरं, कारण पुढची चूक पकडायला तेच उपयोगी पडणार आहे. आता त्याच मशीनमधून २० एमव्हीएचा करंट वाहिला असं धरलं, तर ड्रॉप त्याच प्रमाणात वाढून २० टक्के होईल. मशीन बदललेलं नाही, मोजायचं माप बदललं.

माप म्हणजे बेस. सगळ्या सिस्टिमला एमव्हीएचा बेस एकच ठेवायचा. आपण २० एमव्हीए घेऊ. १०० घेतला असता तरी शेवटचं अँपिअरचं उत्तर तेच आलं असतं. ट्रान्सफॉर्मर २० चा आहे, त्यामुळे एका रूपांतराचं काम वाचतं, एवढंच कारण.

व्होल्टेजचा बेस मात्र सगळीकडे एक नसतो. ट्रान्सफॉर्मर ओलांडला की तो ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तरानं बदलतो. जनरेटरकडे ११ केव्ही, लाईनकडे ३३ केव्ही. हे गुणोत्तर लाईन व्होल्टेजचंच घ्यायचं, नेमप्लेटवर लिहिलेलं असतं तेच. एक बाजू डेल्टा आणि दुसरी स्टार असली की नवीन मुलं वाइंडिंगच्या वेढ्यांचं गुणोत्तर काढायला जातात आणि मध्येच कुठेतरी वर्गमूळ तीन घुसवतात. तसं करायची गरज नाही.

एमव्हीए आणि केव्ही ठरले की बेस करंट आणि बेस ओहम आपोआप ठरतात:

```
Ibase = MVA x 1000 / (1.732 x kV)
Zbase = kV x kV / MVA
```

केव्ही लाईन टू लाईन आणि एमव्हीए तिन्ही फेजचे मिळून, हे पक्कं लक्षात ठेवा. वहीच्या पहिल्याच पानावर दोन्ही बाजूंचं एकेक उत्तर लिहून चौकट करा. ११ केव्हीकडे बेस करंट १०५० अँपिअर आणि बेस इम्पीडन्स ६.०५ ओहम येतो. ३३ केव्हीकडे ३५० अँपिअर आणि ५४.४५ ओहम. करंट तिप्पट कमी झाला आणि ओहम नऊपट वाढले. ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जाताना जे होतं तेच इथे झालं, त्यामुळे पुढे कुठेही वेगळं रेफर करत बसावं लागत नाही. पर युनिटचा खरा फायदा हाच. मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे हे गणितापुरतं विसरता येतं.

तिन्ही आकडे एका मापात

जनरेटरचे १५ टक्के म्हणजे ०.१५. नवा बेस भागिले जुना बेस, म्हणजे २० भागिले १५, यानं गुणलं की ०.२० पर युनिट.

इथे उलटं गुणायची चूक फार होते. १५ भागिले २० घेतलं की ०.११२५ येतं आणि ते दिसायलाही चुकीचं वाटत नाही. सूत्र विसरलात तर गुंठे आणि एकर आठवा. माप मोठं केलं की आकडा वाढलाच पाहिजे.

ट्रान्सफॉर्मर मुळातच २० एमव्हीएवर आहे, म्हणून ०.१० तसाच राहिला.

जनरेटरचं रेटेड व्होल्टेज आणि तिथला बेस व्होल्टेज दोन्ही ११ आहेत, म्हणून व्होल्टेजची दुरुस्ती लागली नाही. मशीनवर १०.५ केव्ही असतं आणि बेस ११ असता, तर १०.५ भागिले ११ याचा वर्ग करून त्यानंही गुणावं लागलं असतं, आणि ०.२० चे ०.१८२ झाले असते. फरक नऊ टक्क्यांचा आहे, दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

आता लाईन. ती ओहममध्ये आहे, म्हणून ती ज्या बाजूला आहे तिथल्या बेस ओहमनं भागायचं. लाईन ३३ केव्हीची आहे, तेव्हा ४.८ भागिले ५४.४५, म्हणजे ०.०८८ पर युनिट.

३२० अँपिअर कुठून आले

वही उघडून बघितली तर पोरानं जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर अगदी बरोबर केले होते. लाईनला मात्र ४.८ भागिले ६.०५ केलं होतं. म्हणजे लाईन ३३ केव्हीची, पण बेस इम्पीडन्स ११ केव्हीचा. "बेस एकदा ठरवला की सगळीकडे तोच" हे त्यानं एमव्हीएबद्दल ऐकलं आणि केव्हीलाही लावलं. लाईन ०.७९३ पर युनिट झाली, एकूण बेरीज १.०९ वर गेली आणि करंट ३२० वर येऊन थांबला.

मी त्याला विचारलं, "बेस करंट वाहताना लाईनवर किती ड्रॉप येईल म्हणतोस?"

"सर... एकोणऐंशी टक्के."

"मग सबस्टेशनला पोचणार काय?"

तो हसला आणि वही ओढून घेतली.

ही तपासणी मी स्वतः आजही करतो. पर युनिट आकड्याला शंभरानं गुणायचं आणि तो बेस करंटला येणारा टक्केवारीचा ड्रॉप आहे असं वाचायचं. ३५० अँपिअर गुणिले ४.८ ओहम म्हणजे एका फेजला १६८० व्होल्ट. ३३ केव्हीचं फेज व्होल्टेज १९,०५३. त्याचे हे पावणेनऊ टक्के, म्हणजे ०.०८८ शी जुळतं. एवढ्याशा लाईनवर एकोणऐंशी टक्के ड्रॉप दिसला की कॅल्क्युलेटर खाली ठेवून बेस केव्ही बघायचा. चूक जवळजवळ नक्की तिथेच सापडते.

आता फॉल्ट

फॉल्ट लाईनच्या पलीकडच्या टोकाला, तिन्ही फेजचा. फॉल्टच्या आधी सगळीकडे १.० पर युनिट व्होल्टेज होतं आणि लोड नव्हता असं धरू. जनरेटरच्या आत १.० चा सोर्स, त्याच्यापुढे तीन रिॲक्टन्स एका रांगेत आणि टोकाला शून्य व्होल्टेज. एवढंच सर्किट आहे.

```
X = 0.200 + 0.100 + 0.088 = 0.388 pu
I = 1.0 / 0.388 = 2.58 pu
```

आता हे २.५८ कशानं गुणायचं? जिथला करंट हवा, तिथल्या बेस करंटनं. लाईनमधला हवा असेल तर ३५० नं, म्हणजे साधारण ९०० अँपिअर. जनरेटरच्या टर्मिनलवरचा हवा असेल तर १०५० नं, म्हणजे साधारण २७०० अँपिअर. पर युनिटमध्ये आकडा एकच, कारण करंट एकाच रांगेतून वाहतोय. अँपिअरमध्ये तो दोन ठिकाणी वेगवेगळा. कुठल्या सीटीचा रिले सेट करताय त्यावरून कुठला अँपिअर घ्यायचा ते ठरतं. आपला रिले जनरेटरच्या ११ केव्हीच्या सीटीवर आहे, तेव्हा त्याला दिसणार २७००.

बेस करंट काढताना १.७३२ नं भागायचं राहिलं तर ३५० च्या जागी ६०६ येतात आणि फॉल्ट दीड हजाराच्या वर जातो. ही चूक ड्रॉपच्या तपासणीत सापडत नाही, कारण रिॲक्टन्स सगळे बरोबरच असतात. ती एमव्हीएवरून सापडते. फॉल्ट एमव्हीए म्हणजे बेस एमव्हीए भागिले एकूण पर युनिट, २० भागिले ०.३८८, साधारण ५१.५. आपल्या ९०० अँपिअरला ३३ केव्ही आणि १.७३२ नं गुणून बघा, तेवढेच येतात. दोन वाटांनी आलेले एमव्हीए जुळले नाहीत तर अँपिअरवर विश्वास ठेवू नका.

फॉल्ट जवळ आणला तर काय होतं तेही लगेच दिसतं. ट्रान्सफॉर्मरच्या ३३ केव्ही टर्मिनललाच फॉल्ट झाला तर लाईनचे ०.०८८ निघून जातात, राहतात ०.३०. करंट ३.३३ पर युनिट, म्हणजे लाईनच्या बाजूला साधारण ११६५ अँपिअर. जनरेटरच्या टर्मिनललाच झाला तर फक्त ०.२०, म्हणजे ५ पर युनिट, ११ केव्हीला सव्वापाच हजार अँपिअर. एकदा पर युनिटचं चित्र काढलं की फॉल्ट कुठेही सरकवता येतो. नव्यानं काहीच काढावं लागत नाही.

ओहममधून उलट जाऊन बघू

पहिल्या दोन-चार वेळा तरी तेच उत्तर ओहममधून काढून बघा. त्याशिवाय पर युनिटवर मन बसत नाही. सगळं ३३ केव्हीकडे आणू. जनरेटरचा रिॲक्टन्स त्याच्या स्वतःच्या ११ केव्हीवर ०.१५ गुणिले १२१ भागिले १५, म्हणजे १.२१ ओहम. ३३ केव्हीकडे नेताना नऊपट, म्हणजे १०.८९. ट्रान्सफॉर्मर ०.१० गुणिले ५४.४५, म्हणजे ५.४४५. लाईन ४.८. एकूण २१.१ ओहम. फेज व्होल्टेज १९,०५३ भागिले २१.१ केलं की पुन्हा साधारण ९००.

आता मघाशी बाजूला ठेवलेला रेझिस्टन्स. डॉग कंडक्टरला तो किलोमीटरला साधारण ०.२८ ओहम, बारा किलोमीटरला ३.३६. पर युनिटमध्ये ०.०६२. हा सरळ मिळवायचा नाही, रिॲक्टन्सशी काटकोनात मिळवायचा. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.३९३ येतं, आणि करंट ९०० वरून ८९० वर येतो. टक्काभर फरक. जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मरचे आकडेच इतके काटेकोर नसतात, त्यामुळे इथे रेझिस्टन्स सोडणं योग्य आहे. ११ केव्हीची लांब लाईन, बारीक कंडक्टर किंवा लो टेन्शनची केबल असेल तर मात्र सोडू नका. तिथे रेझिस्टन्सच जास्त असतो.

आणि याच कारणानं रिपोर्टमध्ये ९०१.५३ अँपिअर असं लिहू नका. कॅल्क्युलेटर दाखवतो म्हणून ते आपल्याला माहीत आहे असं होत नाही.

लाईनच्या पलीकडे ग्रिड आहे, त्याचं काय

आतापर्यंतचा करंट फक्त आपल्या जनरेटरचा. प्रत्यक्षात सबस्टेशनकडूनही फॉल्टला करंट येतो. समजा तिथल्या ३३ केव्ही बसचा फॉल्ट लेव्हल ५०० एमव्हीए आहे असं तुम्हाला कळवलंय. ग्रिडचा रिॲक्टन्स म्हणजे बेस भागिले फॉल्ट लेव्हल, २० भागिले ५००, म्हणजे ०.०४. आता कारखान्याच्या ३३ केव्ही बसला फॉल्ट झाला तर ग्रिडकडून ०.०४ आणि लाईनचे ०.०८८ ओलांडून ७.८ पर युनिट येतात आणि जनरेटरकडून ३.३३. दोन्ही मिळून ११.१, म्हणजे साधारण ३९०० अँपिअर.

३३ केव्हीच्या व्हॅक्यूम ब्रेकरवर २५ केए लिहिलेलं सर्रास दिसतं. त्याच्यापुढे ३९०० अँपिअर काहीच नाही. म्हणून ब्रेकर निवडताना अशा ठिकाणी फारशी चिंता नसते. चिंता दुसऱ्या टोकाला असते. फॉल्ट करंट इतका कमी तर नाही ना, की रिलेला तो फॉल्ट वाटणारच नाही? पोराच्या प्रश्नाकडे परत यायला हीच वाट आहे.

तो ३२८ चा पिकअप

जनरेटरचा फुल लोड करंट ३३ केव्हीच्या हिशोबात २६२ अँपिअर. रिले त्याच्या सव्वापटीवर, म्हणजे ३२८. ११ केव्हीच्या सीटीवर बघायचं तर ७८७ आणि ९८४. फॉल्ट ९०० असेल तर तो पिकअपच्या पावणेतीन पट आहे, रिले छान उचलेल. मग काळजी कसली?

काळजी ही, की ९०० हा फक्त पहिल्या काही सायकलचा करंट आहे. सबट्रान्झियंट रिॲक्टन्स वापरून आपण फॉल्टच्या अगदी सुरुवातीचा क्षण पकडला. ग्रिडकडून येणारा करंट टिकतो, जनरेटरचा टिकत नाही. रोटरमधले प्रेरित करंट विझत जातात तसतसा जनरेटर आतून जणू मोठा रिॲक्टन्स दाखवायला लागतो. ट्रान्झियंट टप्प्यात १५ च्या जागी २२ टक्के घ्या. २० एमव्हीएवर ते ०.२९३ होतात, एकूण ०.४८२, आणि करंट साधारण ७२५. अजून ठीक आहे.

पण ओव्हरकरंट रिलेला वेळ लागतो. पुढच्या केबल आणि फीडरच्या रिलेंना आधी संधी द्यायची म्हणून त्याला मुद्दाम उशीर दिलेला असतो. तोवर करंट सिंक्रोनस रिॲक्टन्सच्या दिशेनं उतरत राहतो. २०० टक्के, म्हणजे २० एमव्हीएवर २.६७. लाईन आणि ट्रान्सफॉर्मर धरून २.८५. जनरेटर नो लोडच्या एक्सायटेशनवर होता असं धरलं तर १ भागिले २.८५, म्हणजे ०.३५ पर युनिट.

```
0.35 x 350  = 123 A   (33 kV)
0.35 x 1050 = 368 A   (11 kV)
```

१२३ अँपिअर! तिन्ही फेज शॉर्ट झालेत आणि करंट फुल लोडच्या निम्मासुद्धा नाही. पोरगा ही ओळ बघून माझ्याकडे नुसता बघतच राहिला. पॅनेलवरचा मीटर बघणाऱ्याला फॉल्ट आहे हे करंटवरून कळणारच नाही, व्होल्टेज कोसळल्यावरून कळेल.

जनरेटर पूर्ण लोडवर असता तर एक्सायटेशन जास्त असतं. ०.८ पॉवर फॅक्टरवर आतलं व्होल्टेज साधारण २.७ पर युनिट निघतं, आणि टिकून राहणारा करंट साधारण ३३३ अँपिअर. पिकअप ३२८. म्हणजे रिले उचलेल, पण काठावर, आणि इनव्हर्स टाइमचा रिले काठावर असताना चालायला फार वेळ घेतो. एव्हीआर एक्सायटेशन वाढवून करंट वर ढकलू शकतो हे खरं. पण एक्सायटेशनची पॉवर जनरेटरच्याच टर्मिनलवरून घेतलेली असेल तर फॉल्टमध्ये टर्मिनलचं व्होल्टेजच उरत नाही, आणि तीही मदत बसते. परमनंट मॅग्नेट पायलट एक्सायटर असला तर परिस्थिती बरी असते. म्हणून कारखान्यात गेल्यावर एक्सायटेशन कुठून येतंय हे आधी विचारून घ्या.

यासाठीच जनरेटरला साधा ओव्हरकरंट रिले न लावता व्होल्टेज रिस्ट्रेंटवाला लावतात. मॉडेलप्रमाणे तपशील बदलतो, पण नेहमीची पद्धत अशी की टर्मिनलचं व्होल्टेज पूर्ण असेपर्यंत पिकअप ठरवलेला असतो, व्होल्टेज उतरत गेलं की पिकअपही उतरतो, आणि व्होल्टेज पाव भागाच्या खाली गेलं की पिकअप सेटिंगच्या पाव भागावर थांबतो. आपल्या केसमध्ये तपासू. नो लोडच्या फॉल्टमध्ये टर्मिनलचं व्होल्टेज म्हणजे ०.३५ गुणिले ट्रान्सफॉर्मर आणि लाईनचे मिळून ०.१८८. उत्तर ०.०६६, म्हणजे साडेसहा टक्के. पावच्या खूप खाली. तेव्हा पिकअप ९८४ चा पाव भाग, २४६ अँपिअर. टिकणारा करंट ३६८. रिले दीडपटीवर उचलतो.

रिलेला व्होल्टेज पीटीमधून जातं. पीटीचा फ्यूज उडाला तर रिलेला वाटेल व्होल्टेजच नाही, आणि चालू लोडवरच मशीन ट्रिप होईल. म्हणून फ्यूज फेल्युअरचं ब्लॉकिंग चालू आहे का, हे त्याच वेळी बघून घ्यायचं. टेस्टिंगला गेलो की मी ते पहिल्यांदा बघतो.

हे सगळं तिन्ही फेजच्या फॉल्टचं झालं. एक फेज जमिनीला टेकला तर करंट न्यूट्रल कसा अर्थ केलाय आणि ट्रान्सफॉर्मरचं कनेक्शन काय आहे यावर जातो. तिथे झिरो सीक्वेन्सचे रिॲक्टन्स लागतात आणि नुसत्या या चित्रावर भागत नाही.

पोरानं वहीत ३२० वर काट मारली. शेजारी ९०० लिहिलं, त्याखाली ७२५, त्याखाली १२३ आणि ३३३. मग शिसपेन कानामागे खोचत म्हणाला, "सर, मग कारखान्यातला रिले साधा आहे का रिस्ट्रेंटवाला, हे आधी जाऊन बघायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेस्ट किट गाडीत टाकून निघालो.